आधी रस्ता दाखवा, मग काम मागा: किनाऱ्यावरच्या घरगुती निवासाच्या मालकाकडून पहिलं काम मिळवण्याची पद्धत

गुगल मॅप, व्हॉट्सअ‍ॅप, फोटो, वेबसाइट अशी कामं स्वतंत्रपणे करणारी मुलं दापोली, गुहागर, मालवण पट्ट्यात आता बरीच आहेत. त्यांतले बहुतेक जण मालकाला सारखाच मेसेज पाठवतात: "आम्ही डिजिटल मार्केटिंग करतो, आपला व्यवसाय वाढवू." मालक तो उघडतही नाही. काही जण एक पायरी पुढे जातात, मालकाच्या चुकांची दोन पानी यादी करून नेतात आणि त्याला 'आधी मूल्य दाखवणं' म्हणतात. यादीने मालकाचं काही वाचत नाही, उलट त्याच्या डोक्याला एक काम वाढतं. मूल्य दाखवणं म्हणजे त्याचा एक त्रास, एकच, प्रत्यक्ष कमी करून त्याच्या हातात देणं, आणि तो कमी झाला की नाही हे त्याला त्याच्याच फोनवर कळणं.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: दापोली तालुक्यातल्या मुरूडमध्ये चार खोल्यांचं घरगुती निवास, मालक साठीचे, जेवण काकू करतात, पाहुणे मुख्यतः पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने येतात. निवास कल्पित आहे, आणि आकडे पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. अडचण मात्र या पट्ट्यात रोजची आहे. पाहुण्यांना घर सापडत नाही.

१. मालक निवडणं: तक्रार आधी, धंदा नंतर

गावातली सगळी निवासं मॅपवर उघडा आणि प्रत्येकाचे अभिप्राय 'नवीन आधी' लावून वरचे वीसेक वाचा. चांगल्या अभिप्रायांतही "जेवण उत्तम, फक्त लोकेशन सापडायला वेळ लागला" असं वाक्य असतं. असं वाक्य दोन-तीन वेगवेगळ्या पाहुण्यांनी लिहिलेलं असेल तर ते निवास तुमच्या यादीत घ्या. मालकाला ही अडचण आहे हे त्याला पटवावं लागत नाही, कारण दर शनिवारी त्याचा फोन वाजतच असतो.

मोठी रिसॉर्टं सोडून द्या. तिथे मॅनेजर असतो आणि निर्णय दुसरीकडे होतो. ज्यांचा फोन मालक किंवा काकू स्वतः उचलतात तीच घरं घ्या. सुरुवातीला तीनच निवडा. दहा निवडलीत तर पुढचा अर्धा दिवसाचा अभ्यास कोणासाठीच नीट होत नाही, आणि मग सगळ्यांना एकच मजकूर पाठवण्याचा मोह होतो.

सावधान: मालकाची परीक्षा घ्यायला खोटं गिऱ्हाईक बनून चौकशीचा फोन करू नका. लहान गावात आवाज ओळखला जातो. पुढच्या आठवड्यात तोच आवाज दारात उभा राहिला की बोलणं तिथेच संपतं.

२. पाहुणा होऊन गाडी चालवणं

घरबसल्या मॅप बघून केलेला अंदाज इथे चालत नाही. दापोली एसटी स्टँडवरून मॅपवर निवासाचं नाव टाका आणि मॅप सांगेल तसंच जा. रस्ता माहीत असला तरी मॅप चुकवेल तिथे चुका. कुठे चुकलात, मॅपने 'पोहोचलात' म्हटलं तेव्हा समोर काय होतं, आणि तिथून खरं घर किती लांब, हे लिहून घ्या. आपल्या उदाहरणात पिन मुख्य रस्त्यावर एका किराणा दुकानासमोर पडली आहे. घर तिथून सहाशे मीटर आत, समुद्राकडच्या आळीत आहे.

दुसरी खेप अंधार पडल्यावर करा, आठच्या सुमारास. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालेली गाडी इथे रात्रीच येते. दिवसा ठळक दिसणारी पाटी रात्री झावळ्यांमागे गडप होते, तेव्हा खूण म्हणून ती उपयोगाची नाही. रात्री दिसतं ते देऊळ, दिव्याचा खांब, पांढरा रंग दिलेला गडगा.

या वेळी चार गोष्टी टिपायच्या:

- घराच्या फाटकासमोर, म्हणजे बेड्यासमोर, उभं राहून मॅपवरच्या निळ्या टिंबाचे अक्षांश-रेखांश. दशांशानंतर पाच आकडे घ्या. चौथ्या आकड्यात एकाचा फरक पडला तर जागा सुमारे ११ मीटर सरकते, आणि आळीत तेवढ्यात शेजारचं बेडं येतं. नारळी-पोफळीच्या दाट आगरात फोनला जागा नीट पकडता येत नाही, म्हणून टिंबाभोवतीचं फिकं वर्तुळ आक्रसेपर्यंत मिनिटभर थांबा.
- गाडी कुठपर्यंत जाते. छोटी कार आत येते, पण टेंपो ट्रॅव्हलर पाखाडीपाशी अडकते. ड्रायव्हरला सगळ्यात आधी हेच हवं असतं.
- मोबाइलची रेंज कुठे जाते. घाटात आणि आगरात ती गेली की नुसती लिंक निकामी होते, म्हणून रस्ता शब्दांतही लिहावा लागतो.
- नावाचा गोंधळ. मुरूड दोन आहेत. रायगड जिल्ह्यातलं मुरूड-जंजिरा जास्त प्रसिद्ध आहे, आणि नुसतं 'मुरूड बीच' शोधणाऱ्याला ते आधी दिसू शकतं. गाडी तिकडे लागली की चूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

बेड्याच्या आत पाऊल टाकू नका, घराचे फोटोही काढू नका. हे सगळं रस्त्यावरून होतं. कोणी विचारलं तर खरं सांगा: "मॅपवर जागा चुकीची दाखवतायत, ती तपासतोय."

३. भेट म्हणून द्यायची वस्तू तयार करणं

आता मोह होतो तो मॅपवरची पिन परस्पर दुरुस्त करण्याचा. `Suggest an edit` कोणालाही वापरता येतं, तरी मालकाला न विचारता ते करू नका. गुगल ती सूचना लगेच स्वीकारेल याचा भरवसा नसतो, आणि स्वीकारली तरी मालकाला काही दिसत नाही, म्हणजे तुमचं काम हवेत गेलं. `Claim this business` वर तर बोटही लावायचं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या व्यवसायावर हक्क सांगणं गुगलच्या नियमांतही बसत नाही, आणि गावात त्याला सरळ लबाडी म्हणतात.

द्यायची वस्तू अशी हवी की मालक ती आजच वापरू शकेल आणि त्यासाठी त्याला काहीच शिकावं लागणार नाही. आपल्या बाबतीत ती म्हणजे रस्ता सांगणारा एक तयार मेसेज, जो बुकिंग झालेल्या पाहुण्याला आदल्या दिवशी पुढे पाठवायचा. पाहुणा घरी असतानाच, म्हणजे चांगल्या रेंजमध्ये असतानाच, तो त्याच्या हातात पडतो.

मेसेजमधली लिंक निवासाच्या नावावरून घेऊ नका, ती चुकीच्या पिनवरच नेईल. टिपलेल्या आकड्यांवरून बनवा:

```
https://www.google.com/maps/search/?api=1&query=17.xxxxx,73.xxxxx
```

`x` च्या जागी तुमचे आकडे. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका, आणि आकडे इंग्रजीतच हवेत.

मजकूर साधारण असा:

> नमस्कार. उद्या आपली वाट पाहतो.
> १) मॅपवर नुसतं 'मुरूड' टाकू नका. रायगडमधलं मुरूड-जंजिरा वेगळं. आपल्याला दापोलीजवळच्या मुरूडला यायचं आहे. हीच लिंक उघडा: (लिंक)
> २) दापोलीत पेट्रोल आणि एटीएम उरकून घ्या. पुढे कधी कधी रेंज जाते, म्हणून दापोलीतच लिंक उघडून ठेवा.
> ३) मुरूडमध्ये दुर्गादेवीच्या देवळापाशी आलात की समुद्राकडे वळा. डावीकडे पांढरा गडगा, त्याला निळं बेडं. तेच आपलं घर.
> ४) कार आत येते. टेंपो ट्रॅव्हलर पाखाडीच्या तोंडाशी लावा, आम्ही सामानाला येतो.
> ५) जेवण हवं असल्यास ____ वाजेपर्यंत कळवा.

पाचवी ओळ मुद्दाम रिकामी आहे. जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं, खोली किती वाजता मिळते, दर काय, हे ठरवणारे आपण कोणी नाही. काकूंनी पाचची वेळ ठेवली असेल आणि तुम्ही सात लिहिलंत तर पहिल्याच शनिवारी भांडण तुमच्यामुळे होईल. चौथ्या ओळीतलं 'सामानाला येतो' हेसुद्धा मालकाला विचारून ठेवा किंवा काढा.

मेसेज फोनच्या एका पडद्यात मावला पाहिजे. मालकाचं कौतुक, 'निसर्गरम्य', 'अविस्मरणीय' असलं काही नको. गाडी चालवणाऱ्याशेजारी बसलेला माणूस तो मोठ्याने वाचणार आहे. खाली तुमचं नाव किंवा नंबरही नको. ते टाकलंत की मालकाला वाटतं, आपण याची जाहिरात का वाटायची?

हाच मजकूर हिंदीतही करून ठेवा, पण पहिल्या भेटीत मराठीच द्या.

तपासणी: निघण्यापूर्वी तीन चाचण्या करा. लिंक दुसऱ्या कंपनीच्या फोनवर उघडते का? गावात कधीच न आलेल्या मित्राला मजकूर पाठवून फोनवर रस्ता सांगायला लावा, तो कुठे अडखळतो? आणि दापोली स्टँडवरच्या एखाद्या रिक्षावाल्या दादांना मजकूर वाचून दाखवा. "कुठलं देऊळ?" असं त्यांनी विचारलं तर खूण बदला.

या सगळ्याला अर्धा दिवस आणि वर दोन तास लागतात. त्याहून जास्त देऊ नका. फुकट वेबसाइट, फुकट लोगो, पन्नास फोटो असं दिलंत तर मालक संकोचतो, नाहीतर पुढचंही फुकट धरतो. दोन्हीत तुमचं काम बुडतं.

४. वेळ निवडणं

इथे निम्मे लोक चुकतात. शनिवार-रविवार पाहुण्यांचे. सोमवारी सकाळी चादरी, अभ्रे, खोल्या धुणं. दुपारी एक ते चार काका आडवे झालेले असतात. उरते मंगळवार ते गुरुवार, साडेचार ते साडेपाच, चहाची वेळ. काकूही तेव्हा ओट्यावर असतात, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण जेवणाचं गणित त्यांच्याकडे असतं.

वर्षातली वेळही बघा. मे महिन्यात, नाताळात आणि दिवाळीच्या सुट्टीत कोणी ऐकून घेणार नाही. शिमग्यात आणि गणपतीत तर जाऊच नका. पावसाच्या ऐन महिन्यांत मालकाला वेळ असतो पण हातात पैसा नसतो. सगळ्यात चांगला काळ गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंतचा. डागडुजी, रंग चालू असतो आणि सिझनसाठी खर्च करायची मनाची तयारी झालेली असते. मधे पितृपक्ष येतो. त्यात भेट घ्या, पण नवीन काम सुरू करायला घटस्थापनेनंतरचा दिवस सुचवा. अनेक घरांत ते पाळतात, आणि तुम्ही आपणहून म्हटलंत तर बरं वाटतं.

५. पहिली भेट: देऊन यायचं, मागायचं नाही

फोनखेरीज सोबत एकच वस्तू न्या: मेसेजची मोठ्या अक्षरातली छापील प्रत, भिंतीवर लावता येईल अशी. लॅपटॉप नको. लॅपटॉप उघडला की विमा एजंट आल्यासारखं वाटतं.

ओळख खरी आणि एका वाक्यात द्या. उदाहरणार्थ:

"काका, मी दापोलीत राहतो, गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅपची कामं करतो. तुमच्याकडे येणाऱ्यांना रस्ता सापडत नाही असं अभिप्रायात वाचलं, म्हणून रस्त्याचा एक मेसेज लिहून आणलाय. तुमच्या फोनवर पाठवतो. बरोबर आहे का तेवढं बघा."

"बरोबर आहे का बघा" हे शब्द गाळू नका. काका वाचतात आणि म्हणतात, "देवळाकडून नको, तिकडे पालखीच्या दिवशी रस्ता बंद असतो. विहिरीकडून सांग." तुम्ही तिथल्या तिथे दुरुस्त करता, काकू जेवणाची वेळ सांगतात, रिकामी जागा भरते. आता तो मजकूर त्यांचा झाला.

तुमच्या फोनवर दाखवू नका. दुरुस्त मेसेज त्यांच्या फोनवर पाठवा, त्यांच्याच हाताने तारांकित करून ठेवायला लावा आणि घरातल्या कोणाला तरी एकदा पुढे पाठवून बघायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस असेल तर क्विक रिप्लायमध्ये `/rasta` नावाने साठवून द्या, म्हणजे तेवढं टाइप केलं की मजकूर समोर येतो. साधं व्हॉट्सअ‍ॅप असेल तर आज ते बदलायच्या भानगडीत पडू नका. बदलताना जुन्या गप्पांचा बॅकअप घ्यावा लागतो, आणि त्यात काही गेलं तर बुकिंगच्या नोंदी जातात. पहिल्याच दिवशी एवढी जोखीम घ्यायचं कारण नाही.

निघताना फक्त एक विनंती करा: "या शनिवारी रस्ता विचारायला किती फोन आले तेवढे लक्षात ठेवा. मंगळवारी येऊन विचारतो." मेसेज नसताना किती येतात तेही विचारून घ्या. काका म्हणतात, "चार पार्ट्या असल्या तर दहा-बारा सहज." हा आकडा त्यांच्या तोंडून आलेला असल्यामुळे पुढे तो तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही.

सावधान: "तुमचा मॅप चुकीचा आहे", "तुमचे फोटो जुने आहेत" ही वाक्यं या भेटीत नकोत. ते फोटो बहुधा मुंबईच्या मुलाने किंवा भाच्याने काढलेले असतात.

काकांनी आपणहून विचारलं, "याचं किती घेणार?" तर "बघू हो" म्हणू नका. "याचं काही नाही. पुढचं काम आहे, त्याचं मंगळवारी सांगतो" एवढंच सांगा. चहा दिला तर घ्या, आणि कप रिकामा झाला की उठा.

६. दुसरी भेट: आकडा, मग मागणी

ठरल्या वारी, ठरल्या वेळी जा. आधी त्यांना बोलू द्या. समजा काका म्हणाले, "चार पार्ट्या आल्या, फोन चारच. एकाने मेसेज वाचलाच नव्हता." तर त्या एकाची चौकशी करा. मेसेज सकाळी गेला असेल तर तो प्रवासात होता. आदल्या संध्याकाळी पाठवायचं ठरवा. काही फरकच पडला नसेल तर तेही प्रामाणिकपणे घ्या, मजकूर सुधारा आणि आणखी एक शनिवार थांबा. फरक न पडलेल्या गोष्टीवर काम मागितलंत तर ते भीक मागितल्यासारखं दिसतं.

फरक पडला असेल तर आता त्यांच्याच फोनवर निवासाचं नाव शोधा आणि पिन दाखवा. "काका, हा मेसेज बुकिंग झालेल्यांना जातो. पण जो बुकिंग न करता मॅप बघून येतो, तो या दुकानासमोर उभा राहतो आणि समोरची पाटी बघून दुसरीकडे जातो." कारण आणि परिणाम ते स्वतः जोडतात, कारण अर्धा भाग त्यांनी नुकताच अनुभवला आहे.

यानंतर अर्ध्या पानाचा कागद पुढे करा. मराठीत, चार मुद्द्यांत:

1. काय करणार: मॅपवरची माहिती तुमच्या स्वतःच्या गुगल खात्यात आणणं, पिन बेड्यावर नेणं, नाव-फोन-वेळा नीट करणं, पंधरा नवे फोटो, पाच तयार उत्तरं (दर, रस्ता, जेवण, अ‍ॅडव्हान्स, खोली रिकामी नाही).
2. किती दिवस: दोन भेटी. पडताळणी गुगलच्या हातात असल्यामुळे एकूण दोन आठवडे धरा.
3. किती पैसे: एकच आकडा. उदाहरणात ४,००० रुपये, त्यातले १,००० सुरुवातीला, बाकी पिन जागेवर दिसल्यावर.
4. काय नाही: बुकिंग वाढेलच याची हमी नाही, अभिप्राय विकत आणणं नाही.

चौथा मुद्दा काढू नका. "महिन्यात दुप्पट बुकिंग" असं सांगणारे आधी येऊन गेलेले असतात. पैसे किंवा सूट देऊन अभिप्राय लिहून घेणं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे हेही सांगून टाका, कारण काका ते नक्की विचारणार.

किमतीचं समर्थन मालकाच्या मापात करा. खोलीचा दर दोन हजार असेल तर चार हजार म्हणजे एका खोलीच्या दोन रात्री. वर्षभरात वाट चुकून दुसरीकडे गेलेल्या दोन पार्ट्या वाचल्या की ते भरून निघतात. याहून लांबचा हिशेब नको, आणि 'ब्रँडिंग' हा शब्द तर नकोच. दरमहाचं कामही आज मागू नका. चार हजारांचं काम नीट झाल्यावर ते काकाच विचारतात.

७. येणारी उत्तरं

"बघू." याचा अर्थ नकार असेलच असं नाही. कोकणात तोंडावर नाही म्हणत नाहीत, आणि लगेच हो पण म्हणत नाहीत. "कधी येऊ?" विचारा. दिवस सांगितला तर काम जिवंत आहे. "शिमग्यानंतर बघू" असं ऑक्टोबरात म्हणाले तर तो नकार समजा.

"मुलाला विचारतो." हे सगळ्यात जास्त वेळा येतं आणि सगळ्यात खरं असतं. मुलगा मुंबईत किंवा पुण्यात असतो, मॅपचं खातं कित्येकदा त्याच्याच मेलवर असतं. "विचारा आणि सांगा" म्हणून सुटू नका. "त्यांना हा कागद पाठवूया का? रात्री फोनवर मी बोलतो" असं सुचवा. मुलाशी बोलताना सूर वेगळा ठेवा: त्याने केलेलं काम मोडायचं नाही, त्याच्याच खात्यातून तुम्हाला व्यवस्थापक म्हणून जोडायचं. मालकी त्याच्याकडेच राहते हे ऐकल्यावर त्याचा विरोध बहुधा मावळतो.

"आधी एकजण पैसे घेऊन गेला." बाजू मांडत बसू नका. खातं कोणाच्या मेलवर आहे एवढं विचारा. त्या माणसाच्याच मेलवर असेल तर ते परत मागण्यासाठी गुगलकडे प्रवेशाची विनंती करता येते. हेच तुमचं पहिलं काम ठरतं, आणि त्याला लागणारा वेळ कागदावर वाढवून लिहा.

"एवढं फुकट केलंस, हेही करून टाक." हसून, पण स्पष्ट: "काका, तो मेसेज माझ्याकडून. हे दोन दिवसांचं काम आहे." किंमत कमी करायचीच असेल तर काम कमी करा. फोटोंचं काम वगळा आणि ५०० कमी घ्या. त्याच कामाची किंमत उतरवलीत तर आधीचा आकडा खोटा होता असा अर्थ निघतो.

८. होकारानंतर लगेच

खातं काकांच्या किंवा मुलाच्या मेलवर, तुम्ही फक्त व्यवस्थापक. पासवर्ड तुमच्या वहीत नको. पडताळणीला गुगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं: मधे न तोडता, आजूबाजूचा रस्ता, निवासाची पाटी आणि तुम्ही तिथले चालक आहात याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडून खोलीत जाणं वगैरे. हा व्हिडिओ काकांच्याच हातून, दिवसाउजेडी घ्या. आधी एकदा फोन न चालू करता चालून बघा, कारण मधे थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. पाटीच नसेल, आणि अनेक घरांना नसते, तर आधी पाटी लावून घ्या. आगरात रेंज नसेल तर व्हिडिओ वर चढत नाही. कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते काकूंना विचारा, त्यांना अचूक माहीत असतं.

नाव टाकताना पाटीवर आहे तेवढंच टाका. 'बीच टच, एसी, शुद्ध शाकाहारी' असे शब्द नावाला चिकटवलेत तर माहितीपान बंद होण्याची जोखीम काकांची, आणि शिव्या तुम्हाला.

तपासणी: उरलेले पैसे मागण्याआधी दापोली स्टँडवरून, तुमचं खातं नसलेल्या फोनवर निवासाचं नाव टाकून पुन्हा गाडीने या. मॅपने निळ्या बेड्यासमोर आणलं तरच काम झालं.

९. शेजारचं घर

काम झालं की आळीतलं पुढचं निवास आपोआप डोळ्यांसमोर येतं. रस्त्याचा मजकूर जवळपास तोच, फक्त शेवटची खूण वेगळी. तिथे जरूर जा, पण आधी काकांना सांगून. ती दोन घरं भावकीतली असू शकतात आणि बेड्यावरून त्यांचा वादही चालू असू शकतो. पहिल्या घरी किती पार्ट्या येतात, दर काय घेतात, फोन किती वाजतात, यातलं एक अक्षर दुसऱ्या घरी बोलू नका. तिथेही स्वतः गाडी चालवा, नवे आकडे टिपा, नवी खूण शोधा. जुना मेसेज नाव बदलून दिलात आणि एखादी पार्टी काकांच्या बेड्यातून शेजाऱ्याकडची म्हणून आत शिरली, तर तुम्हाला दोन्ही घरं बंद होतात.